टेप न ओढता ओढ्यापलीकडचं अंतर

मध्ये ओढा, पलीकडे चढ, आणि त्या चढावरच्या एका खुंटीपर्यंतचं अंतर हवं आहे. टेप ओढायचा तर पाण्यात उतरावं लागेल. शिवाय चढावर टेप तिरका ताणला जाणार, आणि नकाशाला लागतं ते आडवं अंतर. अशा वेळी थिओडोलाइटच्या दुर्बिणीतल्या दोन आखूड रेघा कामाला येतात.

दुर्बिणीला डोळा लावला की उभ्या-आडव्या रेघांची फुली दिसते. मधल्या आडव्या रेघेच्या वर आणि खाली, सारख्याच अंतरावर, आणखी एकेक रेघ असते. यांना स्टेडिया केस म्हणतात. समोर स्टाफ, म्हणजे आकडे रंगवलेली उंच पट्टी, उभी धरलेली असते. वरच्या आणि खालच्या केसावरचे आकडे वाचून वजाबाकी केली की दोन केसांमध्ये पट्टीचा केवढा तुकडा सापडला ते कळतं. पट्टी जितकी दूर, तितका हा तुकडा मोठा, आणि वाढ अगदी प्रमाणात. यंत्र बनवताना केसांमधली जागा अशी ठेवतात की तुकड्याची शंभरपट म्हणजे अंतर. जुन्या यंत्रांत यात वर आणखी थोडी ठरावीक रक्कम मिळवावी लागे. एकोणिसाव्या शतकात पोरो या इटालियन माणसाने दुर्बिणीत एक जादा भिंग बसवून ती कटकट मिटवली. आजच्या दुर्बिणींतही ती रक्कम शून्यच धरतात.

लेव्हलची नजर नेहमी आडवी, त्यामुळे तिथे शंभराने गुणलं की हिशेब संपला. थिओडोलाइटची दुर्बीण चढाकडे उचलावी लागते, आणि खरी गंमत तिथे आहे. सूत्र असं:

D = १०० × s × cos²θ

s म्हणजे पट्टीचा तुकडा, θ म्हणजे दुर्बिणीचा आडव्या रेषेशी झालेला कोन. पुष्कळ विद्यार्थी हे पाठ करतात आणि वर्ग कशासाठी ते विसरतात. मग घाईत एक cos गळतो. दोन्ही cos ची कामं वेगळी आहेत. नजर तिरकी असली तरी पट्टी उभीच असते, म्हणून केसांमध्ये सापडणारा तुकडा असावा त्यापेक्षा लांब भरतो. पहिला cos तो खरा करतो. एवढ्याने मिळतं ते नजरेच्या तिरक्या रेषेवरचं अंतर. दुसरा cos त्याला आडवं करतो.

आता ओढ्यापलीकडची खुंटी घेऊ. यंत्राखालच्या बिंदूची उंची ५५०.००० मीटर, यंत्राची दुर्बीण त्याच्या वर १.४५० मीटर. पट्टीवर वरचा केस २.१४०, मधला १.७२०, खालचा १.३००, कोन वरच्या दिशेने ६ अंश ३० मिनिटं. पट्टीवाल्याला हलू देण्याआधी एक पडताळणी करायची: वरच्या-खालच्या आकड्यांची सरासरी मधल्याएवढी यायला हवी. इथे १.७२० बरोबर येते. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर कुठला तरी आकडा चुकीचा वाचलाय, पुन्हा बघा.

तुकडा ०.८४० मीटर, शंभरपट ८४. साडेसहा अंशांचा cos ०.९९३६, दोनदा गुणून आडवं अंतर ८२.९२ मीटर. एक cos राहिला असता तर ८३.४६ आलं असतं, म्हणजे अर्ध्या मीटरहून अधिक चूक, आणि तीही इतक्या मामुली कोनात.

उंचीसाठी आडव्या अंतराला कोनाच्या tan ने गुणायचं: ९.४४८ मीटर. एवढी नजर दुर्बिणीपासून पट्टीपर्यंत वर चढली. दुर्बिणीची उंची ५५१.४५०, त्यात हे मिळवून ५६०.८९८. पण नजर पट्टीवर जिथे लागली ती जागा जमिनीपासून १.७२० मीटर वर आहे, म्हणून ते वजा. खुंटीपाशी जमीन ५५९.१७८ मीटरवर, म्हणजे यंत्राखालच्या बिंदूपेक्षा ९.१७८ मीटर उंच. उतारावर नजर खाली असली तर ९.४४८ सारखा आकडा मिळवण्याऐवजी वजा होतो, बाकी सगळं तसंच.

शंभराने गुणण्याची सोय चुकीलाही लागू पडते. तुकडा मोजण्यात एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला की अंतर दहा सेंटीमीटरने हलतं. पट्टीवर खुणा सहसा पाच मिलिमीटरच्या, मधला मिलिमीटर अंदाजाने वाचायचा, तेव्हा या पद्धतीकडून दशांश मीटरपेक्षा फारशी अपेक्षा ठेवू नये. समोच्च रेषांच्या नकाशाला तेवढं पुरतं, प्लॉटच्या हद्दीला नाही. उंचीवर याच चुकीचा परिणाम आपल्या उदाहरणात जेमतेम एक सेंटीमीटर, कारण कोन लहान आहे.

पट्टी कलली तर मात्र चढ जितका जास्त तितका घोटाळा मोठा. सपाट नजरेला पट्टी दोन अंश कलली तरी ८४ मीटरमागे पाच सेंटीमीटरचाच फरक. साडेसहा अंशांच्या चढाला तीच पट्टी यंत्रापासून दूर झुकली तर अंतर जवळपास चाळीस सेंटीमीटर जास्त दाखवते, आणि पंचवीस अंशांना दीड मीटरच्या आसपास. पडताळणीत हे सापडतही नाही, कारण कललेल्या पट्टीवरही सरासरी जवळपास जुळतेच. म्हणून डोंगरउतारावर पट्टीला गोल बुडबुड्याची लेव्हल लावायचा आग्रह धरावा. नुसत्या नजरेने धरलेल्या पट्टीवर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

दुपारच्या उन्हात जमिनीलगतची हवा थरथरते आणि खालचा केस नाचू लागतो. तेव्हा कोन थोडा वाढवून तिन्ही केस पट्टीवर वर न्यावेत, खालचा आकडा निदान एक मीटरच्या वर राहील असे, आणि नवा कोन लगेच वहीत लिहावा.