घाटापलीकडचा प्लॉट आणि एक खरी ओळ

पुणे-मिरज लोहमार्गावर ‘सासवड रोड’ नावाचं स्थानक आहे. तिथं उतरल्यावर सासवड दिसत नाही. स्थानक फुरसुंगीच्या बाजूला, दिवे घाटाच्या अलीकडे. सासवड घाट चढून पलीकडे. तरी रेल्वेनं कुणाला फसवलेलं नाही. नावापुढचा ‘रोड’ हा शब्दच सांगतो, की गाव इथं नाही, गावाकडे जाणारा रस्ता इथून निघतो. नाशिक आणि नाशिकरोड यांच्यातलं अंतरही त्या एका शब्दानं कबूल केलेलं असतं.

याच सासवडच्या वाटेवर प्लॉटविक्रीचे फलक लागतात, आणि त्यांच्या घोषवाक्यांत नेमका हा कबुलीचा शब्द नसतो. ‘पुण्याच्या हाकेच्या अंतरावर’, ‘विमानतळाला लागून’, ‘उद्याचं पुणे’ अशा ओळी असतात. खरं अंतर आणि खरी वाढ सांगूनही प्लॉट विकणारी ओळ लिहिता येते का? येते. मात्र तिची सुरुवात कागदावर होत नाही, मोटारीच्या मीटरवर होते.

समजा, सासवडच्या पुढे एका विकसकाची एनए प्लॉटची योजना आहे. स्वारगेट ते सासवड तीसेक किलोमीटर, तिथून फाटा पाच, फाट्यापासून प्लॉटच्या फाटकापर्यंत गावरस्ता तीन. एकूण ३८ किलोमीटर. हे मोजताना दोन्ही टोकं आधी ठरवावी लागतात, कारण गफलत तिथंच होते. ‘पुणे’ म्हणजे हडपसरची हद्द धरली, की सात-आठ किलोमीटर आपोआप गळतात. दुसरं टोक गावच्या वेशीवर थांबवलं, की कच्च्या रस्त्याचे तीन किलोमीटर हिशेबातून जातात, आणि पावसाळ्यात जड जाणारे तेच तीन असतात.

घोषवाक्यात मिनिटं लिहूच नयेत. किलोमीटर रस्त्याचे असतात, मिनिटं वेळेची. विकसकाच्या गाडीतून रविवारी सकाळी साईट व्हिजिटला गेलेल्या कुटुंबाला घाट मोकळा मिळतो. सोमवारी सकाळी नऊला त्याच वाटेनं हडपसर गाठणाऱ्याला तो तसा मिळत नाही. ‘पाऊण तासावर’ ही ओळ रविवारी खरी आणि सोमवारी खोटी ठरते. किलोमीटर दोन्ही दिवशी तेवढेच राहतात.

वाढीचं प्रकरण अधिक अवघड आहे. पुण्याच्या नव्या विमानतळाची चर्चा अनेक वर्षं चाकण-राजगुरुनगरच्या बाजूला फिरत होती. २०१६ मध्ये पुरंदर तालुक्यातली जागा पुढे आली. त्यानंतर पारगाव, खानवडी, वनपुरी, उदाचीवाडी अशा सात गावांची नावं घरोघरी पोचली आणि प्लॉटच्या फलकांवर विमान उडू लागलं. २०२५ मध्येही तिथं भूसंपादनाचाच प्रश्न होता आणि गावकरी जमिनीसाठी विरोधात उभे होते.

मोठे प्रकल्प पूर्ण होतातही. नवी मुंबईच्या विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मंजुरी २००७ मध्ये मिळाली आणि उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. म्हणजे ‘विमानतळ येणार’ हे तिथं खोटं नव्हतं. पण २००७ मध्ये पंचेचाळिशीत असलेल्या माणसानं त्या भरवशावर निवृत्तीची पुंजी घातली असेल, तर विमान उडेपर्यंत तो त्रेसष्ट वर्षांचा झाला. विकणाऱ्यानं दडवलेली गोष्ट ही अठरा वर्षं आहेत.

हद्दीचंही तसंच. सासवड रस्त्यावरची फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं २०१७ मध्ये पुणे महापालिकेत गेली, आणि २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. ‘महापालिका हद्दीत’ हे तिथलं घोषवाक्य छापलं तेव्हा खरं असेल; सात वर्षांनी ते खरं राहिलं नाही.

म्हणून कुठल्याही सोयीचं नाव घेण्यापूर्वी तिची पायरी विचारायची: चर्चेत आहे, मंजूर आहे, काम सुरू आहे, की वापरात आहे? घोषवाक्यात फक्त वापरातली गोष्ट यावी. बाकीच्या तिन्ही खालच्या मजकुरात, आपापल्या पायरीच्या शब्दासह आणि माहितीच्या तारखेसह. ‘लवकरच’ हा शब्द या चारांपैकी कुठल्याच पायरीवर बसत नाही.

आता ओळ लिहायला घेऊ. पहिला खर्डा बहुतेकांना सुचतो: ‘आज थोडं लांब, उद्या अगदी जवळ.’ ऐकायला प्रामाणिक, कारण पहिल्या अर्ध्यात कबुली आहे. पण त्या कबुलीच्या जोरावर दुसऱ्या अर्ध्यात एक वचन गळी उतरवलेलं आहे, आणि ते पाळणं विकसकाच्या हातात नाही. ओळ बाद.

दुसरा खर्डा: ‘शहर येईल तेव्हा येईल, सातबारा आजच तुमचा.’ इथं दिशा बरोबर आहे. न येणाऱ्या गोष्टीचं वचन सोडून हातात पडणाऱ्या गोष्टीवर बोट ठेवलं आहे. तरी ‘आजच’ टिकत नाही. दस्त नोंदवल्यावर फेरफार धरला जातो, हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. म्हणजे ‘आजच’ काढायचा आणि त्या जागी ‘स्वतंत्र’ घालायचा.

या एका शब्दाचं वजन मोठं आहे. शेतजमिनीचे गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे विकले जातात, तिथं तुकडेबंदी कायद्यामुळे एकाच सातबारावर अनेकांची सामाईक नावं चढतात आणि कुठला कोपरा कुणाचा हे कागद सांगत नाही. मंजूर एनए रेखांकनात मोजणी होऊन कमी-जास्त पत्रक तयार झालं, की प्रत्येक प्लॉटचा वेगळा सातबारा निघतो. ते पत्रक झालं नसेल, तर विकसकाला हा शब्द वापरायचा हक्कच नाही.

हाती राहते ती ओळ अशी:

‘पुण्यापासून ३८ किलोमीटर, घाटापलीकडे. शहर येईल तेव्हा येईल. सातबारा स्वतंत्र, तुमच्या नावाचा.’

खालच्या बारीक अक्षरांत ‘अंतर स्वारगेट ते प्रकल्पाचं फाटक, रस्त्यानं’ असं यायला हवं. महारेराचा नोंदणी क्रमांक आणि संकेतस्थळ तर कायद्यानंच द्यावं लागतं. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरच्या आणि आठपेक्षा जास्त प्लॉटच्या योजनेची नोंदणीआधी जाहिरातच करता येत नाही. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा आहे. रेरा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला भरपाई मागता येते, किंवा योजनेतून बाहेर पडून व्याजासह पैसे परत मागता येतात. ‘३८ किलोमीटर’ हे असं विधान आहे, की मीटर लावून कुणीही त्याची परीक्षा घ्यावी. ‘हाकेच्या अंतरावर’ची परीक्षा कशी घेणार?

या ओळीनं काही गिऱ्हाईक जाईल, हे विकसकानं धरून चालावं. रोज हडपसरला कामावर जाणारा माणूस ‘घाटापलीकडे’ वाचूनच थांबेल, आणि त्यानं थांबावंही. त्याला हा प्लॉट घेऊन घर बांधलं तर दिवसाचे साठेक किलोमीटर पडतील. मागे राहतील ते सासवड-जेजुरीकडची मुळं असलेले, निवृत्तीनंतर अंगणाचं घर बांधू पाहणारे, दहा-पंधरा वर्षं पैशाला हात न लावू शकणारे. त्यांना साईटवर नेताना विकसकानं एक फेरी सोमवारी सकाळची ठेवावी, आणि निघताना स्वारगेटला मीटरचा आकडा त्यांनाच लिहून घ्यायला सांगावा.