उत्तर नंतर, आधी कागद दाखवा!

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसमधून थोडं लवकर सटकायचं, एक्स्प्रेस-वेवर ट्रॅफिक लागायच्या आत घाट गाठायचा आणि शनिवारी सकाळी स्वत:च्या गॅलरीत चहाचा कप घेऊन धुकं बघत बसायचं. लोणावळ्यातल्या वन-बीएचकेचं हे स्वप्न पुण्या-मुंबईतल्या कितीतरी नोकरदार जोडप्यांनी ईएमआयवर विकत घेतलंय. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, भुशी डॅमच्या गर्दीत अर्धा रविवार जातो, पण ते चालतं. चालत नाही ते एकच. घर घेऊन तीन-चार वर्षं झाल्यावर एखाद्या मंगळवारी आयकर खात्याचा मेल येऊन पडतो, ‘तुमचं काही उत्पन्न आकारणीतून सुटलं आहे असं दिसतं, तर फेरआकारणीची नोटीस का काढू नये?’

उत्पन्न? अहो, आम्ही तर खर्च केलाय!

पहिली प्रतिक्रिया ही असते. दुसरी, लगेच लॅपटॉप उघडून साहेबांना तीन पानी कहाणी लिहायची. कर्ज कसं घेतलं, सासऱ्यांनी किती दिले, बिल्डरने कसं लटकवलं... थांबा! जे तुम्हाला नीट सांगितलंच नाही, त्याचं उत्तर कसं देणार? पहिलं पत्र उत्तराचं नसतं. ते मागणीचं असतं.

एक उदाहरण घेऊ. आकडे कल्पित, पण नियम खरे. समजा, तुंगार्लीतला एक फ्लॅट नवरा-बायकोने निम्म्या-निम्म्या हिश्शाने ४२ लाखांना घेतला. फेब्रुवारी २०२२ मध्ये बिल्डरने किंमत पक्की करून अलॉटमेंट लेटर दिलं आणि त्याच दिवशी दोन लाखांचा अकाऊंट पेयी चेक गेला. करारनाम्याची नोंदणी मात्र मे २०२२ मध्ये झाली. मधल्या काळात, १ एप्रिलला, राज्याचे रेडी रेकनर दर वाढले. फेब्रुवारीच्या दराने फ्लॅटचं सरकारी मूल्य साडेपंचेचाळीस लाख होतं, मे महिन्यात ते ४८ लाख झालं. तुमच्या सूची क्रमांक दोनवर हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापलेले असतात. मोबदला ४२ लाख, बाजारभाव ४८ लाख. आपण तो कागद फाईलला लावून विसरून जातो, पण दुय्यम निबंधक कार्यालय विसरत नाही. २०२२ मध्ये तीस लाख किंवा त्याहून मोठ्या स्थावर व्यवहारांची माहिती त्यांना आयकर खात्याला कळवावी लागत होती.

खात्याचं गणित इथून सुरू होतं. सरकारी मूल्यापेक्षा स्वस्तात घर मिळालं, तर मधला फरक हे घेणाऱ्याचं ‘इतर उत्पन्न’, असं १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ५६ (२) (एक्स) सांगतं. फरक खरेदी किमतीच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर माफ. ४२ लाखांचे १० टक्के म्हणजे ४ लाख २० हजार, म्हणजे ४६ लाख २० हजारांपर्यंत चिंता नाही. ४८ लाख त्याच्या वर गेले, म्हणून पूर्ण सहा लाख करपात्र. आणि गंमत पुढेच आहे. निबंधकाकडून आलेल्या माहितीत संयुक्त खरेदीचा पूर्ण आकडा अनेकदा प्रत्येकाच्या पॅनवर चढतो. म्हणून नवऱ्यालाही सहा लाखांची नोटीस आणि बायकोलाही सहा लाखांची! तीस टक्क्यांच्या टप्प्यात सेससकट प्रत्येकी १,८७,२०० रुपये, वर व्याज. खरं तर दोघांचा मिळून सगळा फरकच सहा लाखांचा आहे.

आता नोटिशीत यातलं किती लिहिलेलं असतं? पुष्कळदा एक ओळ. ‘उपलब्ध माहितीनुसार स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात सहा लाख रुपये उत्पन्न सुटले आहे.’ कुठली मालमत्ता, कुठल्या तारखेचा दर, हिस्सा किती, काही नाही.

अशी नोटीस कलम १४८ए खाली येते. आपल्या उदाहरणातला व्यवहार २०२२-२३ या आर्थिक वर्षातला आहे, त्यामुळे त्याला जुना, १९६१ चाच कायदा लागू राहतो. नवा २०२५ चा कायदा १ एप्रिल २०२६ पासूनच्या करवर्षांसाठी आहे. या कलमात एक वाक्य आपल्या फायद्याचं आहे. उत्पन्न सुटल्याचं ज्या माहितीवरून वाटलं, ती माहिती नोटिशीसोबतच द्यायची असते. म्हणजे तुम्ही कागद मागता तेव्हा मेहरबानी मागत नाही, नोटिशीचा राहिलेला भाग मागता.

हे वाक्य कायद्यात आपोआप आलेलं नाही. मुंबईच्या किशिनचंद चेलाराम या फर्मचं प्रकरण बघा. १९४६ मध्ये मद्रासहून मुंबईला बँकेमार्फत तारेने १,०७,३५० रुपये आले. ते या फर्मचेच लपवलेले पैसे, असं खात्याने धरलं. आधार काय, तर बँक मॅनेजरचं खात्याला आलेलं पत्र. ते पत्र आकारणीच्या वेळी फर्मला दाखवलंच नव्हतं! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८० मध्ये निकाल लागला. जो पुरावा करदात्याला दाखवला नाही, खोडून काढायची संधी दिली नाही, तो त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाही. पुढे २५ नोव्हेंबर २००२ रोजी जीकेएन ड्राइव्हशाफ्ट्सच्या प्रकरणात याच न्यायालयाने फेरआकारणीचा क्रम घालून दिला. करदात्याने विवरणपत्र भरून कारणं मागायची, अधिकाऱ्याने ती वाजवी वेळेत द्यायची, करदात्याने आक्षेप घ्यायचे आणि अधिकाऱ्याने त्यावर कारणांसह आदेश काढायचा. विदेश संचार निगमच्या प्रकरणात तर मागूनही आकारणी पूर्ण होईपर्यंत कारणं दिली नाहीत, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने फेरआकारणी टिकू दिली नाही. २०२१ मध्ये १४८ए आलं आणि विचारणा नोटीस काढण्याच्या आधीच करायची असं ठरलं. पण एका ओळीच्या ‘माहिती’मुळे पत्र लिहायची वेळ काही टळली नाही.

पत्राआधी दोन मिनिटांचं एक काम करा. आयकर पोर्टलवर नोटिशीचा दस्तऐवज क्रमांक टाकून ती खरी आहे का ते तपासा. खोट्या मेल्सचा सुकाळ आहे. मग तारीख बघा. उत्तराची मुदत नोटिशीतच दिलेली असते आणि पत्र पहिल्या दोन-तीन दिवसांतच गेलं पाहिजे. शेवटच्या रात्री पावणेबाराला मागितलेले कागद म्हणजे वेळकाढूपणा, असंच वाचलं जातं.

पत्र बहुतेक जण इंग्रजीतच पाठवतात, आशय मात्र असा:

‘महोदय, आपल्या अमुक तारखेच्या, अमुक क्रमांकाच्या नोटिशीत माझे सहा लाख रुपये उत्पन्न सुटल्याचे म्हटले आहे. नोटिशीसोबत त्याचा तपशील नाही. मला अर्थपूर्ण उत्तर देता यावे यासाठी पुढील गोष्टींच्या प्रती द्याव्यात. एक, आपण आधार घेतलेल्या माहितीची संपूर्ण नोंद, तीत मालमत्तेचे वर्णन, दस्त क्रमांक, खरेदीदारांची संख्या व प्रत्येकाच्या नावे दाखवलेली रक्कम. दोन, मुद्रांक मूल्य कोणत्या तारखेचे धरले व ते कशावरून. तीन, संपूर्ण फरक माझ्या एकट्याचे उत्पन्न मानण्याचे कारण. कागद मिळाल्यापासून पंधरा दिवसांची मुदत मिळावी. हे पत्र गुणदोषांवरचे उत्तर समजू नये. तो हक्क मी राखून ठेवत आहे.’

बस्स! सासरे नाहीत, बिल्डर नाही, ईएमआय नाही. ‘सर्व संबंधित कागदपत्रे द्यावीत’ असं मोघम लिहिलं की ‘सर्व तपशील तुमच्या वार्षिक माहिती विवरणात आहे’ असं मोघम उत्तर येतं. म्हणून प्रत्येक गोष्ट वेगळी आणि नेमकी मागा. स्वत:चाच करारनामा किंवा सूची दोन मागू नका, ते तुमच्याकडे असतात आणि मागितले तर पत्राचं वजन कमी होतं.

पोर्टलवर लॉग-इन करून Pending Actions, मग e-Proceedings मध्ये त्या नोटिशीसमोर पत्राची पीडीएफ चढवायची आणि मिळालेला पोच क्रमांक जपून ठेवायचा. मुदतवाढीची विनंतीही तिथेच नोंदवा. नवरा-बायको दोघांना नोटिसा असतील तर पत्रंही दोन, प्रत्येकाच्या लॉग-इनमधून. ‘तो बघतोय ना’ म्हणून बायकोची नोटीस तशीच पडून राहणं ही अगदी नेहमीची चूक!

आणि कागद आलेच नाहीत तर? इथे फार जण फसतात. पत्र पाठवलं म्हणजे घड्याळ थांबलं, असं नसतं. मुदतवाढ मंजूर झाल्याचं पोर्टलवर दिसत नसेल तर मूळ मुदतीच्या आत, ‘मागितलेले कागद मिळालेले नाहीत, तरी हक्क राखून’ असं स्पष्ट लिहून हाताशी असलेलं उत्तर द्यायचंच. नाही दिलं तर अधिकारी एकतर्फी आदेश काढून मोकळा. मग तुमचं पत्र अपिलात किंवा उच्च न्यायालयात कामाला येईल, पण तोवर वकिलाची फी सुरू झालेली असते. पत्राला मर्यादाही आहे. मागितलेला प्रत्येक कागद मिळेलच असं नाही, आणि ज्या कागदाचा आधारच घेतलेला नाही तो दिला नाही म्हणून आदेश कोसळत नाही.

आपल्या जोडप्याकडे परत येऊ. समजा, दहा दिवसांनी नोंद मिळाली. तिच्यात दस्ताची तारीख मे २०२२, मूल्य ४८ लाख, खरेदीदार दोन आणि रक्कम दोघांपुढे पूर्ण. आता उत्तर लिहायला बसायचं! पहिला मुद्दा सरळ आहे, हिस्सा निम्मा, म्हणून फार तर तीन लाख प्रत्येकी. दुसरा जास्त मोलाचा. किंमत ठरल्याची तारीख आणि नोंदणीची तारीख वेगळी असेल आणि त्या करारादिवशी किंवा आधी काही रक्कम चेकने किंवा बँकेतून गेली असेल, तर ठरल्या तारखेचं सरकारी मूल्य धरता येतं. फेब्रुवारीतलं मूल्य साडेपंचेचाळीस लाख, म्हणजे ४६ लाख २० हजारांच्या आत. करपात्र फरक शून्य! अलॉटमेंट लेटरला ‘करार’ म्हणायचं का, यावर अधिकारी हुज्जत घालू शकतो, पण ते ग्राह्य धरणारे आयकर अपील न्यायाधिकरणाचे निकाल आहेत. सोबत अलॉटमेंट लेटर, दोन लाख गेल्याचं बँक स्टेटमेंट आणि नोंदणी विभागाच्या साइटवरचं २०२१-२२ चं लोणावळ्याचं दरपत्रक जोडायचं. मूल्यच जास्त लावलंय असं वाटत असेल, तर ते खात्याच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवा अशी मागणीही आकारणीत करता येते.

पहिल्याच दिवशी कहाणी लिहिली असती तर? ‘मे महिन्यात घर घेतलं’ असं आपणच लिहून मोकळे झालो असतो. फेब्रुवारीचं ते अलॉटमेंट लेटर मात्र अजून लोणावळ्याच्या कपाटात, ओल लागू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेलं असतं. या शनिवारी गेलात की आधी ते काढून स्कॅन करा, चिक्की नंतर घ्या.