पंचेचाळीस हजार गेले कुठे?

समजा, शिरोली एमआयडीसीतली एक फाउंड्री महिन्याला पंपाची 3,000 कास्टिंग्ज काढायचं ठरवते. भाडं, पर्यवेक्षकांचे पगार, विमा, घसारा असा स्थिर ओव्हरहेड 6 लाख रुपये धरलेला. म्हणजे स्टँडर्ड कॉस्टिंगमध्ये प्रत्येक नगावर 200 रुपयांचा भार.

महिनाअखेर नग निघाले 2,700 आणि खर्च झाला 5,85,000. नगांनी उचललेला भार मात्र 2,700 गुणिले 200, म्हणजे 5,40,000. उरलेले 45,000 कुणाच्याच अंगावर पडले नाहीत.

या आकड्याची फोड करायची. आधी ठरलेला खर्च आणि झालेला खर्च यांतला फरक, म्हणजे खर्चाची तफावत: 15,000, अनुकूल. मग उचललेला भार आणि ठरलेला खर्च यांतला फरक, म्हणजे उत्पादनमानाची तफावत: 300 नग कमी, म्हणून 60,000, प्रतिकूल. दोन्हींची वजाबाकी केली की 45,000 जुळतात.

यातले 60,000 रोख गेलेले नाहीत. भाडं तर भरायचंच होतं. ते क्षमता पडून राहिल्याचं माप आहे. भट्टी बंद होती की ऑर्डरीच नव्हत्या, हे मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी लॉगबुक उघडावं लागतं. उलट, मागणी नसताना नग काढून गोदाम भरलं तरी हीच तफावत कागदावर नाहीशी होते. माझा जास्त संशय त्या 15,000 च्या बचतीवर. देखभालीचं कंत्राट पुढे ढकलून ती आली असेल, तर भट्टी बंद पडण्याचं कारणही तिथेच सापडू शकतं.