फोटोतले वर्गसमीकरण: आधी विवेचक काढा

दहावीच्या वर्षात वर्गसमीकरणांचे फोटो घरोघरी फिरतात. मुलगी वहीचे पान टिपून मावशीला पाठवते, शिकवणीतला मुलगा सरांना पाठवतो आणि खाली लिहितो, ‘हे कोणत्या पद्धतीने सोडवू?’ पुस्तकात तीन पद्धती आहेत: अवयव पद्धत, पूर्ण वर्ग पद्धत आणि सूत्र. बहुतेक मुले अवयव पाडायला घेतात, दहा मिनिटे आकड्यांच्या जोड्या शोधतात आणि जोडी सापडली नाही की सूत्राकडे वळतात. माझे मत असे की हा क्रम उलटा आहे. कोणतीही पद्धत निवडण्याआधी विवेचक, म्हणजे b² − 4ac, काढावा. समीकरण फोटोतून आलेले असेल तर हे आणखी गरजेचे आहे, कारण फोटो नीट वाचला गेला का, हेही तो बऱ्याचदा सांगतो.

एक उदाहरण घेऊ. फोटोत दिसते आहे: 6x² − 7x − 20 = 0. इथे a = 6, b = −7, c = −20. विवेचक येतो 49 + 480, म्हणजे 529. हा पूर्ण वर्ग आहे का? 22 चा वर्ग 484 आणि 24 चा 576, म्हणून मधला 23 तपासायचा. 23 चा वर्ग बरोबर 529. सहगुणक पूर्णांक असताना विवेचक पूर्ण वर्ग आला, की पूर्णांकांत अवयव पडतातच. शोध वाया जाणार नाही, याची खात्री झाली.

पुढचा फायदा वर्गात सहसा सांगितला जात नाही. मधले पद फोडण्यासाठी आपल्याला अशा दोन संख्या हव्यात, ज्यांचा गुणाकार −120 आणि बेरीज −7 असेल. 120 चे विभाजक एकेक करून तपासण्याऐवजी −7 मध्ये 23 मिळवा आणि निम्मे करा: 8. मग −7 मधून 23 वजा करा आणि निम्मे करा: −15. जोडी हातात आली. आता 6x² − 15x + 8x − 20 = 0, म्हणून 3x(2x − 5) + 4(2x − 5) = 0, म्हणजेच (2x − 5)(3x + 4) = 0. मुळे 5/2 आणि −4/3.

आता हेच समीकरण फोटोत चुकीचे वाचले गेले तर काय होते ते पाहा. हाताने लिहिलेला 7 अनेकदा 1 सारखा दिसतो. मधले पद −x धरले, तर विवेचक 1 + 480 = 481 येतो. 21 चा वर्ग 441 आणि 22 चा 484, म्हणजे 481 पूर्ण वर्ग नाही. पेन्सिलीची रेघ पुसट असल्यामुळे 20 आधीचे वजाचिन्ह निसटले आणि तिथे अधिक धरले, तर विवेचक 49 − 480 = −431 होतो आणि वास्तव मूळच उरत नाही. प्रश्न ‘अवयव पद्धतीने सोडवा’ असा असेल आणि विवेचक असा येत असेल, तर सूत्र घेऊन पुढे जाऊ नका. मूळ पान पुन्हा पाहा. कॅमेऱ्याने समीकरण वाचणारे ॲप वापरत असाल, तर त्याने पडद्यावर छापलेली ओळ आधी वहीशी ताडून पाहा. उत्तराकडे नंतर वळा.

मात्र ही तपासणी सगळ्या चुका पकडत नाही. b चा वर्ग होत असल्यामुळे मधल्या पदाचे चिन्ह उलटले तरी विवेचक तोच राहतो, फक्त दोन्ही मुळांची चिन्हे बदलतात. आणि x² − 5x + 6 चा विवेचक 1, तर x² − 5x − 6 चा 49. दोन्ही पूर्ण वर्गच. पहिल्याची मुळे 2 आणि 3, दुसऱ्याची 6 आणि −1. फोटोत शेवटचे चिन्ह अस्पष्ट असेल, तर इथे कोणतेही गणित मदतीला येत नाही. पाठवणाऱ्याला फोन करून विचारावे लागते. सहगुणकांत √2 सारखी संख्या असेल, तर पूर्ण वर्गाचा निकष जसाच्या तसा लावता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

विवेचक धन आहे पण पूर्ण वर्ग नाही, आणि वाचनही बरोबर आहे, अशा वेळी निवड पूर्ण वर्ग आणि सूत्र यांच्यात उरते. x² चा सहगुणक 1 आणि x चा सहगुणक सम असेल, तर पूर्ण वर्ग सर्वांत जलद. x² + 6x − 11 = 0 मध्ये 6 चे निम्मे 3, त्याचा वर्ग 9; तो दोन्ही बाजूंत मिळवला की (x + 3)² = 20, आणि x = −3 ± 2√5. दोन ओळींत काम संपते. इतर वेळी सूत्र बरे.

तसे पाहिले तर पूर्ण वर्ग आणि सूत्र या दोन वेगळ्या वाटा नाहीत. आपल्या 6x² − 7x − 20 = 0 चा पूर्ण वर्ग करायला गेलो, तर आधी 6 ने भागावे लागते, मग 7/12 चा वर्ग मिळवावा लागतो, आणि उजवीकडे 529/144 उभे राहते. तोच 529. मुले चुकतात ती या अपूर्णांकांत. ते टाळण्याची युक्ती श्रीधराचार्यांची आहे. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज मिळत नाही. ही रीत टिकली ती भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातल्या आपल्या ‘बीजगणित’ ग्रंथात ती उद्धृत केली म्हणून. रीत अशी: 6x² − 7x = 20 असे लिहा आणि दोन्ही बाजूंना 4a ने, म्हणजे 24 ने, गुणा. 144x² − 168x = 480. आता b चा वर्ग, 49, दोन्हीकडे मिळवा. डावी बाजू (12x − 7)² होते आणि उजवी 529. मग 12x − 7 हे 23 किंवा −23, आणि x = 30/12 किंवा −16/12, म्हणजे पुन्हा 5/2 आणि −4/3. एकही अपूर्णांक मध्ये आला नाही. आकड्यांच्या जागी a, b, c ठेवून हेच केले की सूत्र तयार होते. सूत्र विसरलेल्या मुलाला ते पाठ करायला लावण्यापेक्षा ही रीत एकदा करून दाखवावी.

सूत्र वापरताना फोटोमुळे होणारी एक चूक वारंवार दिसते. पानाची उजवी कड कापली गेलेली असते आणि समीकरण 6x² − 7x एवढेच दिसते; पुढे ‘= 20’ होते, हे कळतच नाही. मुले तिथे ‘= 0’ गृहीत धरतात आणि x सामाईक काढून 0 व 7/6 अशी मुळे लिहून मोकळी होतात. बरोबरीचे चिन्ह आणि त्याच्या पलीकडचे सगळे दिसल्याशिवाय a, b, c लिहूच नयेत.

कापले जाणारे दुसरे म्हणजे प्रश्नावरची सूचना. त्या ओळीत ‘पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवा’ असे असेल, तर अवयव कितीही सहज पडत असले तरी ते फक्त उत्तर पडताळण्यापुरते वापरायचे. उत्तरपत्रिकेत सांगितलेलीच पद्धत हवी, नाहीतर बरोबर उत्तरालाही गुण कापले जाऊ शकतात. म्हणून समीकरणाचा फोटो पाठवताना एक करा: सूचनेच्या ओळीपासून बरोबरीच्या चिन्हापलीकडच्या शेवटच्या आकड्यापर्यंत सगळे चौकटीत घ्या, आणि चिन्हे हाताने टाइप करून सोबत पाठवा.