क्लायंटसमोर कोण बोलणार?

पुण्यातली एक सॉफ्टवेअर कंपनी न्यूयॉर्कच्या एका दुकानदारी कंपनीची वेबसाइट सांभाळते, असं समजू. दोघींमध्ये स्लॅक किंवा टीम्सवर एक सामायिक चॅनेल आहे. पूर्वी क्लायंटचा ईमेल मॅनेजरकडे यायचा आणि उत्तर एकाच तोंडून जायचं. आता चॅनेलवर पुण्याचे आठ-दहाजण आहेत आणि त्यांतला प्रत्येकजण काय लिहितो ते क्लायंटला त्याच क्षणी दिसतं.

जुलैतल्या एका मंगळवारी पुण्यात रात्रीचे 9:40 वाजलेत, म्हणजे न्यूयॉर्कमध्ये दुपारचे 12:10. क्लायंटकडून मेसेज येतो: काही ग्राहकांचे पैसे दोनदा कापले जात आहेत. चार मिनिटांत तीन उत्तरं जातात. एक डेव्हलपर लिहितो, ‘आम्ही तपासलं, आमच्याकडे सगळं ठीक आहे.’ दुसरा लिहितो, ‘पेमेंट गेटवेचा प्रॉब्लेम असणार.’ तिसरा धीर द्यायला म्हणून लिहितो, ‘अर्ध्या तासात होऊन जाईल.’ तिघांचाही हेतू चांगला आहे, तिघंही घरून, जेवण बाजूला ठेवून लिहीत आहेत. पण क्लायंटची मॅनेजर त्यातलं ‘अर्धा तास’ तेवढं उचलते आणि आपल्या वरिष्ठांना कळवते. प्रत्यक्षात दुरुस्ती आणि तिची चाचणी संपायला सकाळ होते. रात्रभर राबूनही टीमच्या नावावर एक मोडलेला शब्द जमा होतो.

हाच प्रसंग नीट कसा हाताळता येतो ते पाहू. त्या रात्रीची जबाबदारी ज्याच्याकडे आहे, तो 9:46ला मूळ मेसेजच्या थ्रेडमध्ये लिहितो: ‘पाहिलं. हे आम्ही सर्वांत तातडीचं, पी-वन म्हणून घेतलं आहे. अशा दोन ऑर्डरचे नंबर आणि साधारण वेळ पाठवाल का? पुढची माहिती मी तुमच्या 12:45ला देतो.’ बाकीचे चॅनेलवर गप्प राहतात आणि आपापले अंदाज कंपनीच्या आतल्या चॅनेलवर मांडतात. गेटवेवरचा संशयही तिथेच राहतो, कारण पुरावा नसताना दुसऱ्या कंपनीचं नाव क्लायंटपुढे घेणं म्हणजे हात झटकणंच दिसतं.

12:45ला कारण सापडलेलं नसलं तरी मेसेज जातो: ‘दोन्ही ऑर्डरमध्ये दुसरी वजावट पहिलीनंतर 30 सेकंदांनी झाली आहे, एवढं नक्की. किती ग्राहकांना फटका बसला ते अजून कळलेलं नाही. पुढचा मेसेज 1:30ला.’ नवीन काही सांगण्यासारखं नसलं की गप्प बसण्याचा मोह होतो. पण क्लायंटच्या बाजूला त्या शांततेचा अर्थ एकच लागतो, की कोणी बघत नाहीये. 1:30ला कारण कळतं: गेटवेचं उत्तर यायला उशीर झाला की आपली प्रणाली तीच मागणी पुन्हा पाठवत होती आणि दोन्ही मागण्या एकाच खरेदीच्या आहेत हे ओळखण्याची खूण तिच्यात नव्हती. पुन्हा पाठवणं तात्पुरतं बंद केलं, त्यामुळे नवी दुहेरी वजावट थांबली. काही ग्राहकांना मात्र बटण पुन्हा दाबावं लागेल, हेही त्याच मेसेजमध्ये सांगितलं जातं. पक्की दुरुस्ती कधी होईल, ते चाचणीचा अंदाज आल्यावर डिलिव्हरी मॅनेजर कळवणार.

इथे वेळेच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोच किती वेळात द्यायची हे करारात लिहिलेलं असतं आणि ते पाळणं आपल्या हातात असतं. दुरुस्ती किती वेळात होईल हे कारण सापडल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. म्हणून वचन द्यायचं ते पुढच्या मेसेजच्या वेळेचं, आणि ती वेळ क्लायंटच्या घड्याळात लिहायची. त्यातही नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात आणि पुणे-न्यूयॉर्क अंतर साडेनऊवरून साडेदहा तासांवर जातं. चॅनेलच्या वर पिन केलेल्या मेसेजमध्ये कामाचे तास, कोणाला टॅग करायचं आणि रात्री पी-वन आलं तर कुठे फोन करायचा, हे असावं आणि नोव्हेंबर-मार्चमध्ये ते सुधारावं. चॅनेलवरचा मेसेज झोपलेल्या माणसाला उठवेलच असं नाही, हे क्लायंटला आधीच माहीत हवं.

सुराचं बघायचं तर ‘आमच्याकडे सगळं ठीक आहे’ हे वाक्य वाईट, कारण ज्याचे ग्राहक ओरडत आहेत त्याला ते खोटं ठरवतं. त्याऐवजी ‘ही अडचण आम्हाला इथे अजून दिसलेली नाही, ऑर्डर नंबर मिळाला तर तीच शोधतो’ असं म्हटलं की माहिती तीच जाते आणि संभाषण पुढे सरकतं. माफी एकदाच मागावी, काय चुकलं ते सांगून. प्रत्येक ओळीत ‘सॉरी’ आलं की वाचणारा ते सोडून पुढे जातो.

आता दुसऱ्या दिवसाचं पाहू. क्लायंट लिहितो, ‘जाता जाता गिफ्ट रॅपचाही पर्याय टाका ना, छोटंसंच आहे.’ ज्युनिअर डेव्हलपर अंगठा दाखवतो. त्याच्या मनात असतं ‘वाचलं’. क्लायंट वाचतो ‘होकार’. कॅनडातल्या सॅस्कॅचवान प्रांतात धान्य खरेदीदाराने एका शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो पाठवून ‘कन्फर्म करा’ असं लिहिलं आणि उत्तरादाखल अंगठ्याची इमोजी आली. माल मिळाला नाही. ‘मला फक्त पोच द्यायची होती’ हे शेतकऱ्याचं म्हणणं न्यायालयाने 2023मध्ये नाकारलं आणि 82 हजार कॅनेडियन डॉलरहून अधिक भरपाई द्यायला लावली. 2024मध्ये अपिलातही निकाल टिकला. त्या दोघांचे आधीचे सौदेही अशाच छोट्या उत्तरांवर पक्के झाले होते, हे तिथे महत्त्वाचं ठरलं. म्हणजे सवयीनेही अर्थ ठरतो.

आपल्याकडच्या 1872च्या करार कायद्यातलं 237वं कलमही याच अंगाने जातं. प्रतिनिधीने अधिकार नसताना काही कबूल केलं, पण त्याला तो अधिकार आहे असं समोरच्याला वाटेल अशी मालकाचीच वागणूक असेल, तर मालक बांधील ठरतो. न्यूयॉर्कच्या क्लायंटशी करार कोणत्या कायद्याखाली आहे ते वेगळं पाहावं लागतं, आणि ‘बदल लेखी व सहीनेच होतील’ असं कलम करारात असलं तर कंपनीला बरंच संरक्षण मिळतं. पण कोर्टापर्यंत न जाताही नुकसान होतंच, कारण फुकटात कबूल झालेलं काम नाकारणं पुढे जड जातं.

म्हणून वाटणी अशी करावी: काय घडलं, कसं घडलं, काय शक्य आहे, हे ज्याचं काम त्याने स्वतः लिहावं. तारीख, पैसे आणि कामाची व्याप्ती यांवर मात्र डिलिव्हरी मॅनेजरच बोलेल. गिफ्ट रॅपला डेव्हलपरने लिहावं, ‘तांत्रिकदृष्ट्या जमेल असं दिसतं, वेळ आणि खर्च आमच्या मॅनेजर उद्या संध्याकाळपर्यंत कळवतील,’ आणि त्यांना तिथेच टॅग करावं. डेव्हलपरना अजिबात बोलू न देणं हा यावरचा उपाय नव्हे. काम करणाऱ्यांशी थेट बोलता यावं म्हणून तर क्लायंट चॅनेलवर आला. सगळं एकाच माणसातून जाऊ लागलं की तो त्यांना खासगी मेसेज करू लागतो, आणि मग कोणी काय कबूल केलं ते कंपनीलाही दिसत नाही.

मॅनेजरने दिलेला होकारही चॅनेलवर सोडून देऊ नये. त्याच दिवशी तो तारीख आणि खर्चासह ईमेलवर लिहून क्लायंटकडून लेखी होकार घ्यावा, कारण तीन महिन्यांनी बिलावर प्रश्न आला की शेकडो मेसेजांत ती ओळ शोधत बसावं लागतं.