एका नोंदीत एक शोधनिबंध

तेजस्विनी निरंजना यांचा धारवाडमधील हिंदुस्थानी संगीत, भाषा आणि आधुनिकता यांवरचा निबंध २०१३ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. समजा, तुमच्या प्रबंधाचा विषय आहे ‘मराठी संगीत नाटक आणि हुबळी-धारवाडचे गायक’. मग सटीप संदर्भयादीत या निबंधाची नोंद कशी होईल?

सुरुवातीला संदर्भाचा पूर्ण तपशील येतो, त्यानंतर सारांश. ‘लेखिकेने धारवाडच्या संगीताची चर्चा केली आहे’ हे वाक्य कुठल्याही निबंधाला चिकटेल, म्हणून ते निरुपयोगी. त्याऐवजी दावाच लिहा: ‘एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कन्नडभाषक धारवाड भागात हिंदुस्थानी संगीत रुजले, त्यामुळे तिथली सांस्कृतिक ओळख केवळ भाषेच्या चौकटीतून समजत नाही, असे लेखिका मांडते.’

मूल्यमापनात बहुतेकांची गफलत होते: ‘निबंध अभ्यासपूर्ण आहे’ म्हणून ते मोकळे होतात. इथे लिहायला हवे ते असे: ‘मांडणी संस्कृती-अभ्यासाची, प्रदेश आणि भाषा यांच्या संबंधासाठी भक्कम. गायकीच्या तांत्रिक विश्लेषणासाठी दुसरा आधार लागेल.’

शेवटचे वाक्य तुमच्या विषयाचे: ‘कुंदगोळचे सवाई गंधर्व मराठी रंगभूमीवर गाजले. दुसऱ्या प्रकरणात त्यांची वाटचाल तपासताना भाषेची सीमा ओलांडण्याचा मुद्दा या निबंधातून घेईन.’ प्रकरण सांगता आले नाही, तर हा निबंध यादीत कशासाठी ठेवला हे पुन्हा तपासा. माझ्या मते नोंद लिहायला याच वाक्यापासून बसावे. सारांशात काय ठेवायचे ते मग आपोआप ठरते.