येन आत्ता घ्यायचे की थांबायचं? बंड्याच्या जपान ट्रिपचा हिशेब

या एपिसोडचं रेकॉर्डिंग शीव कोळीवाड्यात, बंड्याच्या घरी झालं. मधेमधे हार्बर लोकलचा आवाज येतो, तो तसाच ठेवलाय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं त्यांच्यासाठी हा लेखी भाग. हिशेब नीट दिसावा म्हणून बोलणं थोडं आवरून घेतलंय.

प्रश्न साधा होता. बंड्या मार्चअखेर आईला घेऊन साकुरा बघायला जपानला चाललाय, म्हणजे अजून सहा महिने आहेत. विमानाची तिकिटं झाली आहेत. तिथल्या खर्चासाठी काकूंची एफडी नुकतीच मोडली, तिचे १,८०,००० रुपये हातात आहेत. त्याव्यतिरिक्त शिल्लक जवळपास काही नाही.

बंड्या: येन सध्या स्वस्त आहे म्हणतात सगळे. उद्याच जाऊन सगळे घेऊन टाकतो. डोक्याला ताप नको.

मी: थांब. आधी आकडे धरू. हिशेबाला सोपं म्हणून १०० येनला ६० रुपये धर. येनचा भाव आपल्याकडे १०० येनचा सांगतात, मोबाइलवर मात्र एका येनचा दिसतो, ०.६० असा. तुला किती येन लागतील?

बंड्या: हॉटेल, ट्रेन, खाणं मिळून तीन लाख येन.

मी: म्हणजे बरोबर १,८०,०००. आता समज, तू थांबलास आणि पैसे सहा महिने ६ टक्क्यांच्या एफडीत ठेवलेस. ५,४०० रुपये व्याज मिळेल. येनच्या नोटा कपाटात ठेवल्यास तर व्याज शून्य. म्हणजे आज घेण्याचा खरा भाव ६० नाही, ६१.८० आहे. सहा महिन्यांनी येन ६१.८० च्या वर गेला तरच आज घेण्यात फायदा. ६१ झाला, तर येन महागूनही तुझं थोडं नुकसानच.

बंड्या: हे कोणी सांगितलंच नाही. पण ६१.८० म्हणजे काय मोठं? सहज होईल की.

मी: होईल किंवा उलटंही होईल, आणि याच ठिकाणी येन डॉलरपेक्षा वेगळा आहे. रुपया-येन भाव दोन भावांतून निघतो. एका डॉलरला किती रुपये, भागिले एका डॉलरला किती येन. डॉलर-रुपयावर रिझर्व्ह बँकेचं लक्ष असतं, फार उसळी आली तर ती बाजारात उतरते. डॉलर-येन मात्र टोकियो आणि न्यूयॉर्कमध्ये ठरतो, तिथे आपलं काही चालत नाही.

जुलै २०२४ मधलं बघ. डॉलरला सुमारे १६१ येन, म्हणजे येन कित्येक दशकांत सगळ्यात कमजोर. डॉलर साधारण ८३.५० रुपयांना होता, म्हणजे १०० येन सुमारे ५२ रुपयांना. मग जपान सरकारने येन सावरायला डॉलर विकले आणि ३१ जुलैला बँक ऑफ जपानने व्याजदर ०.२५ टक्क्यांवर नेला. स्वस्तात येन उधार घेऊन दुसरीकडे गुंतवलेले लोक घाईघाईने येन परत घ्यायला लागले. ५ ऑगस्टला डॉलर १४४ येनच्या आसपास आला. १०० येन झाले सुमारे ५८ रुपये.

बंड्या: आणि रुपया?

मी: रुपया जवळजवळ तिथेच होता, ८४ च्या अलीकडे. तीन लाख येनवाल्याचं बिल मात्र महिन्याभरात १,५६,००० वरून १,७४,००० झालं. १८,००० रुपयांचा फरक!

बंड्या: १८,००० गेले तर माझी ट्रिप बोंबलली. आईला तिथे नेऊन वडापाव खायला घालू का?

मी: मग हाच तुझा खरा प्रश्न. भाव कुठे जाईल ते बाजारातल्या जाणत्यांनाही नीट सांगता येत नाही. पण १८,००० चा धक्का तुला झेपतो का, हे तुला आजच सांगता येतं.

बंड्या: नाही झेपत. म्हणजे सगळे आत्ताच घेऊ?

मी: त्यात दोन अडचणी आहेत. पहिली नियमाची. प्रवासासाठी घेतलेलं परकीय चलन ६० दिवसांत वापरायचं असतं, नाही तर परत करायचं. सूट फक्त २,००० डॉलरपर्यंतच्या नोटांना आहे, तेवढ्या जवळ ठेवता येतात. तुझे तीन लाख येन त्या मर्यादेच्या अगदी काठावर येतात.

दुसरी अडचण परत विकण्याची. तू काल दादरला एका काउंटरवर भाव विचारलास ना?

बंड्या: हो. ‘झिरो कमिशन’ची पाटी होती. विकतो ६१.५० ला, घेतो ५८.५० ला.

मी: कमिशन पाटीवर नाही, भावात आहे. मोबाइलवरच्या ६० शी ताडून बघ, १०० येनमागे दीड रुपया त्याचा. तो दीड रुपया तू आज घे किंवा मार्चमध्ये घे, द्यावाच लागणार. पण काकूंची तब्येत बिघडून ट्रिप रद्द झाली, तर ६१.५० ला घेतलेले येन ५८.५० ला विकायचे. तीन लाख येनवर ९,००० रुपये गेले, तेही भाव जागचा हलला नसताना. म्हणून पाटी बघू नकोस. फोन करून विचार, ‘१०० येनला सगळं धरून हातात किती रुपये द्यायचे?’ तीन ठिकाणी विचार.

बंड्या: मग शेवटी करू काय?

मी: एक तृतीयांश आत्ता. एक लाख येन, नोटांमध्ये. ते २,००० डॉलरच्या बरेच आत आहे आणि जपानमधल्या छोट्या दुकानांत रोख लागतेच. या साठेक हजारांवरचं सहा महिन्यांचं व्याज १,८०० रुपये. तो विम्याचा हप्ता समज. बाकीचे १,२०,००० चार महिन्यांच्या एफडीत टाक. निघायला ६० दिवस उरले की एफडी मोकळी होईल. मग एक लाख येन तेव्हा आणि उरलेले निघायच्या पंधरा दिवस आधी. हे दोन हप्ते प्रीपेड फॉरेक्स कार्डावर भर. कार्डात येन भरताना जो भाव लागेल तोच कायम राहतो. क्रेडिट कार्डावर मात्र भाव खर्चाच्या दिवसाचा, वर बऱ्याच कार्डांवर २ ते ३.५ टक्के जादा.

बंड्या: आणि २०२४ सारखा झटका आला तर?

मी: उरलेल्या दोन लाख येनवर १००ला ६ रुपये, म्हणजे १८,००० ऐवजी १२,०००. धक्का बसेल, पण कमी. हॉटेल आत्ताच बुक कर, फुकट रद्द करता येणारं. झटका आलाच तर स्वस्तातलं घेता येईल किंवा एक रात्र कमी करता येईल.

बंड्या: आणि येन पडला तर मी एक लाख महाग घेतले म्हणून रडू?

मी: पडला तर उरलेले दोन लाख स्वस्तात मिळतील. दोन्हीकडून थोडं हसायचं, थोडं रडायचं.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी एकच विचारलं, ‘उरलेली चिल्लर परत घेतात का रे?’ नाही घेत, काकू. मनी चेंजर नोटा परत घेतात, नाणी नाही. जपानमध्ये ५०० येनचंही नाणंच असतं, म्हणजे आपले तीनशे रुपये. तेव्हा नाणी विमानतळावरच संपवा.

बंड्याने दुसऱ्या दिवशी एक लाख येन घेतले. तिसऱ्या काउंटरवर, ६०.९० ला. पहिल्या भावापेक्षा ६०० रुपये कमी.